दोन इंचांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक आई आपल्या तेवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मारहाणीची किंवा पोटगीची तक्रार नव्हती. मुलीची उंची चार फूट दहा इंच, आणि ‘मुलगी ठेंगणी आहे’ म्हणून सात स्थळे परत गेलेली. शहरातल्या एका डॉक्टरांनी पायांची हाडे लांब करण्याचे ऑपरेशन सुचवले होते. दोन इंच उंची वाढेल म्हणाले. आईने पाटल्या मोडायला काढल्या होत्या. तिला एवढेच विचारायचे होते, “ताई, एकदा ऑपरेशन झालं की संपलं ना?”

संपत नाही. ऑपरेशनने फक्त सुरुवात होते, आणि पुढचे सगळे काम घरात होते. म्हणून हा विषय नुसता डॉक्टरांचा नाही, आपलाही आहे.

ही पद्धत सोव्हिएत रशियातल्या कुर्गान गावच्या डॉ. गावरिल इलिझारोव यांनी १९५० नंतर विकसित केली. मोडलेली, नीट न जुळलेली हाडे बरी करता करता त्यांच्या लक्षात आले, की कापलेल्या हाडाची दोन टोके अगदी सावकाश दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते. नडगीचे हाड कापताना त्यावरचे पातळ आवरण शक्य तितके शाबूत ठेवतात. शेजारचे बारीक हाडही कापावे लागते. मग कापाच्या वर आणि खाली हाडातून ताणलेल्या तारा आरपार घालतात आणि पायाभोवतीच्या कड्यांना घट्ट बांधतात. या कड्या आटे पाडलेल्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. दांडीवरचा नट पाव फेरा फिरवला, की कड्या पाव मिलिमीटरने दूर जातात.

सात-आठ दिवस काहीच करायचे नसते, कारण जखमेत नव्या हाडाची सुरुवात व्हावी लागते. त्यानंतर रोज एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव करून. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत इलिझारोव यांना दिसले होते, की रोज अर्धाच मिलिमीटर ताणले तर फट वेळेआधीच भरून हाड जुळून बसते, आणि दोन मिलिमीटर ताणले तर हाड नीट धरत नाही.

आता त्या मुलीचा हिशेब करू. दोन इंच म्हणजे सुमारे पन्नास मिलिमीटर, म्हणजे पन्नास दिवस. एका पायाला चार दांड्या धरल्या तर दोन पायांचे मिळून दिवसाला बत्तीस वेळा पाना फिरवायचा. फट उघडली तरी त्यातले हाड अजून कोवळेच असते. ते टणक व्हायला ताणण्याच्या काळाच्या निदान दुप्पट वेळ लागतो, मोठ्या माणसाला बहुधा त्याहूनही जास्त. म्हणजे पाच-सहा महिने दोन्ही पायांत कड्या. एक्स-रे पाहून त्या काढल्या तरी नवे हाड मोडू शकते, म्हणून पुढेही काही महिने जपून चालायचे.

या काळात नट कोण फिरवणार? तारांच्या भोवतालची कातडी रोज कोण पुसणार? रात्री पाय ठणकला की कोण उठणार? आईकडे पाहिले तर उत्तर समोरच बसले होते. ती घरोघरी पोळ्या करते. तिच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा दवाखान्याच्या कागदात नव्हता.

धोकेही समजून घ्यायला हवेत. हाड वाढते, पण स्नायू आणि शिरा नुसत्या ताणल्या जातात. पोटरी आखडते आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. म्हणून रोज दुखणारे व्यायाम करावेच लागतात, आणि तरीही कधी टाचेची शीर कापून सैल करावी लागते. मज्जातंतू ताणला गेला की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, अंगठा वर उचलता येत नाही. असे दिसले की ताणणे तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. दुर्लक्ष केले तर पाऊल कायमचे लुळे पडू शकते. तारांच्या भोकांत जंतुसंसर्ग तर नेहमीचाच. लाली, पू, ताप दिसला तर थांबून चालत नाही, कारण तो हाडापर्यंत गेला तर उपचार फार लांबतो. पोटरी एकदम सुजली किंवा दम लागला तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, आणि त्याने जीवही जातो.

हल्ली हाडाच्या पोकळीत बसणारा आणि बाहेरून चुंबकाने लांब होणारा खिळा निघाला आहे. त्याने तारांची भोके टळतात, पण ताण तेवढाच राहतो. असाच एक पोलादी खिळा हाडात बिघाड दिसू लागल्यामुळे २०२१ मध्ये जगभरातून परत घेण्यात आला.

म्हणून ही शस्त्रक्रियाच वाईट, असे मी म्हणत नाही. पोलिओने, अपघाताने किंवा जन्मतःच एक पाय बराच आखूड राहिलेल्या मुलीला तिने सरळ चालता येते. तिथे हे कष्ट एका दुखण्याच्या बदल्यात असतात. निरोगी पाय कापण्याची गोष्ट वेगळी आहे. केवळ उंचीसाठी हे करून घेणाऱ्यांत जगभर पुरुषच जास्त दिसतात. चीनमध्ये मात्र नोकरीच्या जाहिरातींतच उंचीची अट असे, आणि तरुण मुलीही त्यासाठी पाय कापून घेत होत्या. बिघडलेल्या केसेस वाढल्यावर २००६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने निव्वळ उंचीसाठी हे करायला बंदी घातली. जाहिरात देणारा मोकळा राहिला आणि बंदी शस्त्रक्रियेवर आली, हेही विसरू नये.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, शरीर तिचे, निर्णयही तिचाच. मान्य. पण सात घरांनी नाकारल्यावर आणि आईच्या पाटल्या सराफाच्या तराजूत पडल्यावर जो ‘हो’ येतो, त्याला तिचा निर्णय म्हणताना माझी जीभ अडखळते. निदान तो माहिती घेऊन तरी व्हावा. आम्ही तिला पाच प्रश्न लिहून दिले. किती महिने कामावर जाता येणार नाही? घरी काळजी कोण घेणार? मध्येच थांबावे लागले तर काय करायचे? बिघडले तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा? आणि या डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशने केली, त्यातल्या किती जणी आज नीट चालतात?

तोपर्यंत मुलगी गप्प होती. कागद घडी करत ती आईला म्हणाली, “एवढं करून पाच फूट होईन. आठव्याला पाच-दोन हवी असली तर?”

आईने उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. ते आम्ही द्यायचेच नाही. ते त्या आठव्या घराला विचारायला हवे, आणि तिथे आपण अजून पोचलेलो नाही.