उताऱ्याचे मौन

शालेय जीवनात ‘चूक की बरोबर ते लिहा’ हा प्रश्न आपण असंख्य वेळा सोडविला आहे. त्यात दोनच पर्याय असतात. म्हणून जे बरोबर नाही ते चूक, अशी सवय मनात घर करून बसते. ‘सत्य’, ‘असत्य’ आणि ‘माहिती दिलेली नाही’ असे तीन पर्याय समोर आले की हीच सवय आड येते. आयईएलटीएससारख्या परीक्षांमुळे हा प्रश्नप्रकार अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. तो अवघड वाटतो तो भाषेमुळे, असे सर्रास म्हटले जाते. माझे मत निराळे आहे. वाचकाजवळ आधीपासून असलेली माहिती हीच येथे खरी अडचण ठरते, आणि प्रौढ वाचकाजवळ ती अधिक असते.

पुढील छोटा उतारा पाहा.

‘इ. स. १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यातील बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. सावित्रीबाई फुले या शाळेत शिकवीत. १८५२ मध्ये ब्रिटिश सरकारने जोतीरावांचा शैक्षणिक कार्याबद्दल गौरव केला.’

आता हे विधान घ्या : ‘भिडे वाड्यातील शाळा ही भारतातील मुलींची पहिली शाळा होती.’ आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी ‘सत्य’कडे वळेल, कारण हे वाक्य आपण भाषणांतून आणि जयंतीच्या फलकांवरून वाचत आलो आहोत. ज्याने इतिहास थोडा अधिक वाचला आहे, त्याला मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच मुलींची शाळा उघडल्याचे आठवेल आणि तो ठामपणे ‘असत्य’ लिहील. दोघांचेही उत्तर चुकले. उताऱ्यात ‘पहिली’ हा शब्द नाही, आधीच्या कोणत्याही शाळेचा उल्लेख नाही, तुलनाही नाही. उतारा येथे मौन आहे, म्हणून उत्तर ‘माहिती दिलेली नाही’. दुसऱ्या वाचकाची माहिती अधिक असूनही ती त्याच्या कामी आली नाही, हे लक्षात घ्यावे.

‘असत्य’ म्हणायलाही पुरावा लागतो, हे आपण विसरतो. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. दिलेल्या विधानाचे उलट विधान तयार करा आणि दोन्ही विधाने आळीपाळीने उताऱ्याशेजारी ठेवून पाहा. ‘या शाळेत केवळ सावित्रीबाईच शिकवीत’ हे विधान उताऱ्याशेजारी खुशाल राहू शकते. ‘तेथे इतरही शिकवीत’ हेही राहू शकते. दोहोंपैकी एकालाही उतारा हरकत घेत नाही, म्हणून माहिती दिलेली नाही. मात्र उताऱ्यात ‘जोतीराव स्वतःही तेथे शिकवीत’ एवढे एक वाक्य अधिक असते, तर पहिले विधान त्याच्याशी थेट भिडले असते आणि उत्तर ‘असत्य’ झाले असते. ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘पहिला’ असे शब्द विधानात दिसले की तेवढ्या शब्दापुरता पुरावा वेगळा शोधावा.

याउलट, ‘शब्द उताऱ्यात सापडला नाही की माहिती दिलेली नाही असे लिहून मोकळे व्हा’ हा काही मार्गदर्शकांचा सल्ला मला घातक वाटतो. ‘शाळा सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी सरकारने जोतीरावांचा गौरव केला’ या विधानातील ‘चार’ हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही. तरी १८५२ मधून १८४८ वजा केले की उत्तर ‘सत्य’ येते. हा तर्क उताऱ्यातीलच दोन आकड्यांवर उभा आहे, त्यात बाहेरचे काही आणावे लागले नाही. ‘सरकार या शाळेला आर्थिक साहाय्य देत असे’ हे मात्र गृहीतक आहे. गौरव करणारे सरकार पैसाही देत असेल, हा दुवा उताऱ्याने दिलेला नाही; तो आपण आपल्या अनुभवातून जोडला. शंका आली की उत्तरापर्यंत पोहोचताना आपण कोणते वाक्य मनातून घातले ते कागदावर लिहून काढावे. ते वाक्य उताऱ्यात दाखविता आले नाही, तर दुवा आपला आहे.

काही विधाने मात्र सीमारेषेवर राहतात. ‘या शाळेत मुलगे शिकत नसत’ हे विधान पाहा. ‘मुलींसाठी शाळा’ या शब्दांतून ते निघते, असे एक परीक्षक म्हणेल. शाळा मुलींसाठी काढली याचा अर्थ तेथे एकही मुलगा बसत नव्हता असा होत नाही, असे दुसरा म्हणेल. येथे विद्यार्थ्याचे आकलन तपासले जात नाही, त्याच्या नशिबाची परीक्षा होते. असे विधान प्रश्नपत्रिकेत असूच नये, आणि असल्यास त्याचा दोष उत्तर देणाऱ्याच्या माथी मारू नये.