क्षमता-चौकट विशेषणांची नको, कामाची हवी

क्षमता-चौकट म्हणजे मनुष्यबळ विभागाचा कागदी खेळ. माणसाचं कसब कागदावर मावत नाही, असा आक्षेप हैदराबादच्या औषधनिर्मिती क्षेत्रात नेहमी ऐकू येतो. ‘पुढाकार’, ‘समूहभावना’, ‘गुणवत्तेची जाण’ अशा शब्दांची यादी समोर ठेवली, तर तो आक्षेप खराच आहे. या शब्दांनी कोणाचीच पारख होत नाही. पण दोष चौकट लिहिण्याच्या रीतीचा आहे.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1964 च्या सुमारास काकिनाड्याच्या व्यावसायिकांसाठी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत प्रेरणा-प्रशिक्षणाचा प्रयोग केला. पुढे 1973 च्या लेखात त्यांनी बुद्धिमापन चाचण्यांवर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष कामासाठी लागणारी क्षमता तपासा, असा आग्रह धरला. त्यातून पुढे आलेली रीत सोपी आहे: उत्तम आणि साधारण काम करणाऱ्यांना खरे प्रसंग विचारायचे, आणि दोघांच्या वागण्यातला फरक लिहायचा.

गुणनियंत्रण प्रयोगशाळेचं उदाहरण घेऊ. चाचणीचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला. नवा विश्लेषक तयार केलेली द्रावणं ओतून देत नाही आणि पुन्हा चाचणी करण्याआधी पर्यवेक्षकाला कळवतो. वरिष्ठ विश्लेषक गणित, प्रमाणद्रव्य, विरलन आणि उपकरण तपासून चूक प्रयोगशाळेची आहे का, याचा पुरावा नोंदवतो. गटप्रमुख कारण उत्पादनात असेल तर इतर कोणत्या बॅचेस तपासायच्या, ते ठरवतो. एकाच क्षमतेच्या या तीन पायऱ्या झाल्या.

आता मुलाखतीत विचारा: “निकाल मर्यादेबाहेर गेला, त्या दिवशी तुम्ही आधी काय केलंत? मग?” वार्षिक मूल्यांकनात त्या वर्षीच्या तपास-नोंदी काढा. प्रशिक्षणात जुनी, नावं झाकलेली नोंद देऊन कारण शोधायला लावा. तिन्हीकडे पायरीचं तेच वाक्य वापरात येतं.

उमेदवार उत्तर घोकून येईल, ही शंका रास्त आहे. पण पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नापुरतं पुरतं. द्रावण कुठे ठेवलं, कळवल्यावर पर्यवेक्षकाने काय विचारलं, हे विचारलं की तपशील अडखळतो. काम बदलतं, हेही खरं. म्हणून नवं उपकरण आलं की त्याचा वापर प्रशिक्षणपत्रात बदलावा. पुराव्याशिवाय निकाल बाद न करण्याची क्षमता मात्र उपकरणाबरोबर बदलत नाही.

चौकट बरी की वाईट, हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे. दोन पर्यवेक्षकांनी एकमेकांना न विचारता एकाच विश्लेषकाची पायरी ठरवावी. उत्तरं वारंवार वेगळी आली, तर आधी वाक्य दुरुस्त करावं. तोवर त्या वाक्यावर कोणाची बढती ठरवू नये.