पोर्ट तुटला, आता कुणाकडे?

कन्सोल सुरू होतो, पांढरा लाइटही लागतो, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’! आधी केबल आणि टीव्ही बदलून बघा. मग टॉर्च मारून एचडीएमआय पोर्टमध्ये डोकवा. १९ पिनांपैकी एखादी वाकलेली दिसली, की दुखणं सापडलं.

वॉरंटी असेल तर कन्सोल बाहेर उघडू नका, आधी कंपनीला विचारा. वाकलेली पिन म्हणजे बाहेरून बसलेला मार, असं म्हणून ते पैसे मागू शकतात. पीएस५चं स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, त्यामुळे बोर्ड किंवा कन्सोल बदलून मिळाला, तर क्लाउडवर नसलेले गेम सेव्ह गेलेच समजा.

अमरावतीच्या माझ्या मित्राची वॉरंटी संपलेली आणि दोन वर्षांचे सेव्ह आत अडकलेले. जवळच्या दुकानदाराकडे साधं सोल्डरिंग होतं, मायक्रोस्कोप नव्हता. म्हणून त्यानं अकोला गाठलं. तिथल्या कारागिरानं हॉट एअरनं जुना पोर्ट काढून मायक्रोस्कोपखाली नवा बसवला. सेव्ह शाबूत!

हा मायक्रोस्कोप चोचला नाही बरं का. उष्णता जास्त झाली की बोर्डवरचे तांब्याचे पॅड उखडतात आणि मग बारीक तारा जोडत बसावं लागतं. पोर्ट बदलूनही चित्र आलं नाही, तर एचडीएमआयची चिप गेलेली असू शकते. तिचा खर्च वेगळा, तो आधीच विचारा.

आणि पैसे देण्याआधी ४के टीव्हीवर खेळून बघा. अर्धवट जोडलेली पिन १०८०पीवर गुपचूप चालते, ४केवर मात्र स्क्रीन काळी करते.