वहीचा फोटो आणि हिशेबाची घडी

मे महिना उजाडला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याची लगबग सुरू होते. पहाटे जंगलात जायचं, दुपारी पानं जुळवून सत्तर-सत्तरचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. कोणी किती पुडके दिले, ते वहीत लिहिलं जातं. आता कित्येक ग्रामसभा स्वतःच पत्ता विकतात, त्यामुळे ही वही सांभाळायचं काम गावातल्याच शिकलेल्या मुलीबाळींकडे आलंय. मग प्रश्न येतो, वहीतलं कॉम्प्युटरमध्ये चढवायचं कसं?

हल्ली फोटो काढून एआयला दिला की तो तक्ता करून देतो. दोन वाटा आहेत. एक, मोबाईलवरची साधी गप्पांची खिडकी, म्हणजे चॅट. दुसरी, एक्सेल किंवा वर्डच्या उजव्या बाजूला उघडणारी एआयची पट्टी. पुष्कळजणींना वाटतं, हिशेब एक्सेलमध्येच करायचा तर फोटोही तिथेच द्यावा. माझं मत थोडं वेगळं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. शीटमध्ये Insert मधून फोटो टाकला, म्हणजे तो पट्टीला दिला असं होत नाही. तो फोटो चौकटींच्या वर नुसता तरंगत असतो. पट्टी प्रामुख्याने चौकटीतला मजकूर आणि आकडे वाचते. तिला फोटो द्यायचा तर पट्टीतच जोडणीची खूण, म्हणजे पेपरक्लिप किंवा अधिकचं चिन्ह, असायला हवी. काही पट्ट्यांत ती असते, काहींत नसते. एक्सेलमध्ये 2019 पासून Data from Picture नावाची वेगळी सोयही आहे, पण ती इंग्रजीसारख्या रोमन लिपीतल्या छापील तक्त्यांसाठी. आपल्या देवनागरी हाताच्या अक्षरापुढे तिचा निभाव लागत नाही.

म्हणून वाचायचं काम चॅटकडे आणि बेरजेचं काम शीटकडे, अशी वाटणी मला बरी वाटते. चॅटमध्ये फोटो मोठा करून पाहता येतो, खाली तक्ता असतो, आणि 'तिसरी ओळ पुन्हा वाच' असं सांगता येतं. पट्टी अरुंद, तिथे फोटो टिकलीएवढा दिसतो. ताडून पाहणार कसं?

आता एक उदाहरण घेऊ. समजा एका घराचे चार दिवसांचे पुडके वहीत ११०, ९५, १२०, १०५ असे आहेत आणि शेवटी बेरीज ४३० लिहिली आहे. घाईच्या अक्षरात ९ आणि १ सारखेच दिसतात. एआयनं ९५ चे १५ वाचले, तर बेरीज 350 होते. शेकडा 400 रुपये दर धरला तर 80 पुडक्यांचे 320 रुपये त्या बाईच्या हातून गेले! आणि तक्ता मात्र इतका नीटनेटका दिसतो, की शंकाही येत नाही.

यावर उपाय साधा आहे. चॅटला सांगा, "वहीत आहे तसंच उतर. आकडे 0 ते 9 अशा इंग्रजी अंकांत दे. वहीतली बेरीज वेगळ्या रकान्यात दे, स्वतः बेरीज करू नको. वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक." स्वतः बेरीज करायला दिली, तर आकडे जुळवून घ्यायचा मोह त्यालाही होऊ शकतो. मग तक्ता शीटमध्ये चिकटवा. A मध्ये नाव, B ते E मध्ये चार दिवस, F मध्ये वहीतली बेरीज. पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून पहिलं घर दुसऱ्या ओळीत. तिथे G मध्ये लिहा:

```
=SUM(B2:E2)-F2
```

हेच सूत्र खालच्या ओळींतही ओढा. उत्तर शून्य आलं तर बहुतेक ठीक. आपल्या उदाहरणात -80 येतं. फरक 8, 80 किंवा 800 असला, की ९ आणि १ ची गफलत आधी तपासा. आकडा चौकटीत डावीकडे चिकटला असेल तर एक्सेलनं तो मजकूर समजला आहे. SUM त्याला मोजत नाही. मात्र वहीतच चूक असली किंवा दोन चुका एकमेकींना झाकत असल्या, तर शून्यही फसवतं. म्हणून फळीवरच्या दोघीजणींनी एकदा मोठ्यानं वाचून ताडावं.

फोटो काढताना अर्धं अर्धं पान घ्या. मोठा फोटो आत बरेचदा लहान केला जातो आणि बारीक अंक पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि आधार, बँक खात्याचा रकाना असेल तर त्यावर कागद ठेवूनच फोटो काढा.

पट्टीत फोटोची सोय असेल, तर वापरू नये असं नाही. नकल-चिकटवचा त्रास वाचतो. पण ती थेट चौकटीत लिहिते, जुन्या आकड्यांवर लिहिण्याची भीती असते. म्हणून नेहमी नवी कोरी शीट उघडून द्या. आणि मैत्रिणींनो, पैसे वाटून पावत्या होईपर्यंत ती मूळ वही कुणालाही रद्दीत घालू देऊ नका.