विश्लेषण : लॉगिन तुमचे, माहिती दुसऱ्याची! चॅटबॉटमध्ये ही गल्लत कशी होते?

बँकेचा चॅटबॉट खात्यातील शिल्लक सांगण्याआधी ओटीपी मागतो. ओटीपी जुळला की समोरची व्यक्ती खातेदारच आहे, असे मानले जाते. मात्र ओळख पटल्यानंतरही एकाची माहिती दुसऱ्याच्या स्क्रीनवर जाऊ शकते. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीबाबत हेच घडले.

काय घडले होते?

काही वापरकर्त्यांना आपल्या यादीत अनोळखी लोकांच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली. त्यामुळे ओपनएआयला सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. नऊ तासांच्या एका विशिष्ट कालावधीत सक्रिय असलेल्या प्लस सदस्यांपैकी १.२ टक्के जणांचे नाव, ईमेल, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मुदत इतरांना दिसली असण्याची शक्यता असल्याचे कंपनीने नंतर जाहीर केले. कार्डाचा पूर्ण क्रमांक मात्र उघड झाला नाही.

चूक कुठे झाली?

वारंवार लागणारी माहिती झटपट मिळावी म्हणून ती ‘रेडिस’ या तात्पुरत्या साठ्यात ठेवली जात होती. सर्व्हर आणि रेडिस यांच्यातील एकाच जोडणीवरून अनेकांच्या विनंत्या जातात आणि उत्तरे त्याच क्रमाने परत येतात. वडापावच्या गाडीवर एखाद्याने ऑर्डर दिली आणि पार्सल न घेताच तो निघून गेला, तर ते पार्सल रांगेतल्या पुढच्याच्या हाती पडेल. इथेही तसेच झाले. विनंती मध्येच रद्द झाली, तरी तिचे उत्तर जोडणीवर पडून राहिले आणि पुढच्या वापरकर्त्याला मिळाले. बहुतेक वेळा उत्तराचा प्रकार जुळत नसल्याने नुसता एरर येई. प्रकार जुळला, की परक्याची माहिती बिनबोभाट स्क्रीनवर येई. त्या दिवशी सर्व्हरमध्ये केलेल्या एका बदलामुळे रद्द होणाऱ्या विनंत्या अचानक वाढल्या आणि दोष उघडा पडला.

उपाय काय?

ओपनएआयने दोष दुरुस्त केलाच. शिवाय साठ्यातून आलेली माहिती मागणाऱ्याचीच आहे का, ही जादा तपासणी जोडली. खात्याची माहिती देणाऱ्या प्रत्येक चॅटबॉटला हाच नियम लागू होतो. ग्राहक कोण, हे चॅटमध्ये टाइप केलेल्या मजकुरावरून नव्हे, तर सर्व्हरवरील लॉगिनच्या नोंदीवरून ठरले पाहिजे. ही तपासणी भाषा मॉडेलवर सोडूनही चालत नाही, कारण शब्दांच्या खेळाने त्याला फसवता येते.

तुम्ही काय कराल?

नुसता खाते क्रमांक टाइप केल्यावर बॉट शिल्लक सांगत असेल, तर ती धोक्याची खूण समजा. अनोळखी नाव किंवा कार्डाचे भलतेच अंक दिसले, तर वेळ नोंदवा, लॉगआउट करा आणि कंपनीला कळवा. तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. त्यात कुणाची तरी खासगी माहिती असते.