कॅमेऱ्याची साक्ष आणि चार मिनिटांचा फरक

पूर्वी चार्जशीटला जोडून येत असे तो एखाद्या निरीक्षकाचा अहवाल किंवा रजिस्टरच्या पानाची नक्कल. आता येतो एक फोटो. ए-फोर कागदावर छापलेले धूसर चित्र, कोपऱ्यात तारीख आणि वेळ, आणि खाली एक वाक्य : "सीसीटीव्हीमध्ये स्पष्ट दिसते." आमच्या कर्मचाऱ्याचा धीर तिथेच सुटतो. माणसाची साक्ष उलटतपासणीत खोडता येते, यंत्राची कशी खोडणार, असे त्याला वाटते. आमचे म्हणणे असे की यंत्राचीही उलटतपासणी करता येते, आणि ती केल्याशिवाय कोणाही बंधूने गुन्हा कबूल करू नये.

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूत कडलूरजवळ रेल्वे फाटकावर शाळेची गाडी आणि रेल्वेची धडक झाली, मुले दगावली. त्यानंतर सर्व फाटकांवर कॅमेरे बसवण्याचा निर्णय रेल्वे मंत्रालयाने जाहीर केला. आमचा त्याला विरोध नाही. फाटकावर मुलांचे जीव जातात तेव्हा कॅमेऱ्याला विरोध करणारी संघटना कामगारांचीही राहत नाही. परंतु कॅमेरा आला म्हणजे त्याचे चित्र वाचण्याची विद्याही आली पाहिजे, आणि ती चौकशी अधिकाऱ्याइतकीच आमच्या बचाव सहाय्यकाकडेही असली पाहिजे.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. अपिलाचा विषय असल्याने नाव-गाव देत नाही. एका गेटमनवर तीन फोटोंच्या आधारे मोठ्या शिक्षेची चार्जशीट आली. पहिल्या फोटोवर वेळ ०६:४१:१२, फाटक उघडे. गेटमनच्या वहीत मात्र ०६:३८ ला फाटक बंद करून स्टेशन मास्तरांना प्रायव्हेट नंबर दिल्याची नोंद. म्हणजे फाटक उघडे ठेवून खोटा नंबर दिला, असा आरोप. दुसऱ्या फोटोवर वेळ ०६:४५:३०, त्यात दांडा अर्धवट वर दिसतो. तिसऱ्यात गेटमन उभा आहे, पण हातात झेंडी नाही. नोकरी जाण्यासारखे हे तीन आरोप होते.

आम्ही पहिल्याच दिवशी लेखी मागणी केली : फोटो नको, रेकॉर्डरमधली मूळ फीत द्या, त्या दिवशीच्या पहाटे पाचपासून आठपर्यंतची, आणि ती पुसली जाऊ नये अशी व्यवस्था करा. हे पहिल्याच दिवशी करावे लागते, कारण डिस्क भरली की रेकॉर्डर जुन्यावर नवे लिहितो. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. उशीर झाला तर आरोप करणाऱ्याकडे फोटो उरतो आणि आपल्याकडे काहीच उरत नाही.

फीत आली, आणि सगळ्यात आधी आम्ही गाडी शोधली. फाटकाचे घड्याळ कोणते, यापेक्षा गाडी हे मोठे घड्याळ आहे. स्टेशनच्या नोंदीप्रमाणे गाडी ०६:४२ ला थांबा न घेता पुढे गेली. स्टेशनापासून फाटक तीन किलोमीटर, गाडीचा वेग साठाच्या आसपास, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. गाडी फाटकावर ०६:४५ च्या सुमारास आली पाहिजे. फितीत इंजिनाचे नाक फाटकावर येते तेव्हा पडद्यावरची वेळ होती ०६:४९:१०. कॅमेऱ्याचे घड्याळ चार मिनिटे दहा सेकंद पुढे!

एका गाडीवर भरवसा ठेवू नये, म्हणून त्याच पहाटेच्या आणखी दोन गाड्या तपासल्या. फरक तितकाच निघाला, दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे. मग हिशोब सोपा झाला. पहिल्या फोटोतले ०६:४१:१२ म्हणजे प्रत्यक्षात ०६:३७ च्या आसपास. त्या वेळी फाटक उघडे असणे हा गुन्हाच नव्हे, कारण नंबर ०६:३८ ला दिला गेला. फितीत दांडा खाली टेकतो तो पडद्यावर ०६:४२:०५ ला. चार मिनिटे दहा सेकंद वजा करा : ०६:३७:५५. वहीतल्या नोंदीशी मेळ बसला.

चौकशी अधिकाऱ्यांनी रास्त शंका काढली. स्टेशनची नोंद पूर्ण मिनिटांत असते, मग तुमच्या वजाबाकीत मिनिटभराची चूक का नसावी? शंका बरोबर होती. आमचे उत्तर असे : घड्याळ चुकीचे असले तरी एकाच फितीतल्या दोन घटनांमधले अंतर चुकत नाही. दांडा खाली टेकला ०६:४२:०५ ला, गाडी आली ०६:४९:१० ला. मधे सात मिनिटे पाच सेकंद फाटक बंद होते. हे सांगायला स्टेशनचे घड्याळ लागत नाही, की आमचा शब्दही लागत नाही. आरोपपत्रात फोटो एकटा दिला होता, त्याच्या पुढची-मागची फीत दिली नव्हती. सगळी गोम तिथे होती.

हा फरक पडतो कसा? रेकॉर्डरमधले साधे क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला दोन सेकंद सहज चुकते. चार महिने कोणी जुळवले नाही तर चार मिनिटे होतात. जाळ्यावरून वेळ घेणारी यंत्रे यातून सुटतात, पण त्यात देशाचा वेळ-विभाग चुकीचा नोंदलेला असला तर फरक नेमका साडेपाच किंवा अडीच तासांचा येतो. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली तर वीज गेल्यावर घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेवर जाते, मग कोणीतरी मनगटावरचे घड्याळ पाहून अंदाजे लावतो. म्हणून फरक किती आहे यावरून त्याचे कारणही कळते.

दुसऱ्या फोटोतला अर्धवट वर दिसणारा दांडा भिंगाची करामत होती. फाटकावर रुंद दृष्टीचे भिंग लावतात, कारण एकाच कॅमेऱ्यात सारा रस्ता यावा. अशा भिंगात चित्राच्या कडेजवळच्या सरळ रेषा वाकतात. शिवाय कॅमेरा उंचावर आणि दांडा कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा असेल तर आडवा दांडाही तिरका चढल्यासारखा दिसतो. वाद घालत बसण्याऐवजी आम्ही दोन गोष्टी केल्या. गाडी प्रत्यक्ष फाटकावरून जात असतानाचे चित्र काढले. त्यातही दांड्याचा कल तसाच होता. मग विनंती केली की निरीक्षकांच्या समक्ष फाटक पूर्ण बंद करून, कुलूप लावून, त्याच कॅमेऱ्यातून एक चित्र घ्यावे. कॅमेरा मधल्या काळात हलवलेला नाही याची खात्री मागच्या खांबांवरून केली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. फरक नव्हता. तुलनेचे असे चित्र शंभर युक्तिवादांना भारी पडते.

तिसरा आरोप झेंडीचा. गेटमन कॅमेऱ्यापासून वीस मीटरवर उभा होता. भिंगाची दृष्टी नव्वद अंशांची असेल तर त्या अंतरावर चित्रात चाळीस मीटर रुंदी मावते. चित्राची रुंदी १९२० ठिपके. म्हणजे एका मीटरला ४८ ठिपके. पाच सेंटीमीटर जाडीची गुंडाळलेली झेंडी म्हणजे दोन-अडीच ठिपके, काठी म्हणजे एक. त्यातच रेकॉर्डर जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून साठवतो : बारीक तपशील पुसतो, रंगाची माहिती निम्म्या बारकाईने ठेवतो, आणि काही काळाने एकच पूर्ण चित्र साठवून मधल्या वेळात फक्त बदल नोंदवतो. वर तो फोटो पडद्याचा मोबाइलने काढलेला आणि मोबाइलवरूनच पुढे पाठवलेला. अशा चित्रात झेंडी दिसत नाही याचा अर्थ झेंडी नव्हती असा होत नाही. होती असाही होत नाही. चित्र त्याबाबत मुके आहे, इतकेच म्हणता येते, आणि आम्ही तितकेच म्हटले.

आता जे आमच्या विरुद्ध गेले तेही सांगितले पाहिजे. पूर्ण फितीत असे दिसले की शेवटचा डबा जाण्यापूर्वीच गेटमन केबिनकडे वळला. गाडी पूर्ण आहे की नाही हे पाहणे त्याचे काम. आम्ही त्याला ते मान्य करायला सांगितले. मोठे आरोप टिकले नाहीत, यासाठी त्याला ताकीद मिळाली. पूर्ण फीत मागणे म्हणजे स्वतःविरुद्धचेही पाहण्याची तयारी ठेवणे. म्हणून मागणी करण्यापूर्वी आपल्या माणसाकडून सगळे खरे ऐकून घ्यावे.

पोस्टातल्या बंधूंना हे परके नाही. काउंटरच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यात हात गल्ल्यावर आहे की गल्ल्याच्या वर एक फुटावर, हे एका फोटोत कळत नाही, फीत चालवल्यावर कळते. मेल मोटारीच्या डॅशकॅमवर वेळ आणि वेग उपग्रहावरून येत असतील तर वेळ सहसा विश्वासार्ह असते, पण वेगाचा आकडा चित्राच्या किंचित मागे पडू शकतो. जोरात ब्रेक लावल्याच्या क्षणी दिसणारा वेग थोडा आधीचा असू शकतो.

कायद्याचे म्हणावे तर जालन्याच्या निवडणुकीचे प्रकरण आठवावे. २०१४ साली उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिला गेला का, हा वाद कार्यालयातल्या चित्रफितींवर आला. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र पुढे न आणता नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. हीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्रात फायलीचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, नोंदवावा लागतो. खात्याच्या चौकशीला साक्षीचा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून केवळ "प्रमाणपत्र नाही" या एका मुद्द्यावर विसंबू नये. पण नैसर्गिक न्याय तिथेही लागू आहे, आणि ज्या फितीवर आरोप उभा आहे ती आरोपीला न दाखवणे त्यात बसत नाही.

आमच्या मागण्या प्रशासनाला जड जाणाऱ्या नाहीत. एकट्या फोटोवर चार्जशीट देऊ नये, मूळ फीत दस्तऐवजांच्या यादीत असावी. दर आठवड्याला रेकॉर्डरचे घड्याळ तपासून फरक वहीत लिहावा, जसे स्टेशनचे घड्याळ रोज जुळवले जाते. लेखी मागणी आल्यावर फीत जपून ठेवावी. प्रत्येक शाखेने हे तीन मुद्दे पुढच्या बैठकीत मांडावेत. त्या गेटमनच्या रेकॉर्डरचे घड्याळ आमच्या पत्रानंतर जुळवले गेले. त्याआधी चार महिने ते चुकीची वेळ दाखवत होते, आणि त्या काळातल्या इतर चार्जशीटांचे काय, हे आम्ही अजून विचारतो आहोत.