आभाराच्या आडून

मी मानपाड्यात राहतो. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर एक मानपाडा आहे आणि आमच्या डोंबिवलीत पूर्वेला एक आहे, मी दुसऱ्यातला. नावातच 'मान' असल्यामुळे असेल, पण आमच्या बिऱ्हाडकरूंना मानापमानाची जाण जरा जास्तच आहे, असे मी पुष्कळ दिवस गमतीने म्हणत असे. गेल्या मे महिन्यापासून म्हणत नाही. कारण त्या महिन्यात मी एका भल्या गृहस्थाचे लेखी आभार मानले आणि त्याने माझ्याशी बोलणे टाकले.

झाले ते असे. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर ऐन उन्हाळ्यात रात्री जळाली. खाली टाकीत पाणी, वर गच्चीतली टाकी कोरडी, आणि घरे बावीस. तिसऱ्या मजल्यावरचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्या रात्री अडीच वाजेपर्यंत खाली बसून होते. ओळखीच्या मिस्त्रीला त्यांनी झोपेतून उठवून आणले, त्याच्याकडची जुनी मोटर तात्पुरती बसवून घेतली आणि सकाळी सहाला नळांना पाणी आले. मी सोसायटीचा चिटणीस. दुसऱ्या दिवशी मी फलकावर पत्र लावले. ते येथे जसेच्या तसे देतो:

"माननीय महोदय, आपण आपला अत्यंत मौल्यवान वेळ खर्च करून अखेर सोसायटीच्या कामात लक्ष घातलेत, याबद्दल सर्व सभासद आपले ऋणी आहेत. आपल्यासारखे सभासद असताना सोसायटीला चिंताच नाही. यापुढेही असेच सहकार्य मिळेल अशी अपेक्षा आहे."

संध्याकाळी काकू ते पत्र फलकावरून काढून हातात घेऊन आमच्या दाराशी आल्या. रागावलेल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचं काही चुकलं का हो?"

वाचकहो, यावर आमच्या मंडळींचे ठराविक उत्तर असते. "माझ्या मनात काही नव्हते, वाचणाऱ्याच्याच मनात पाप." माझा वाद आहे तो या उत्तराशी. हे उत्तर आळशी आहे, आणि बहुतेक वेळा खोटेही आहे.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने आपल्या 'काव्यप्रकाशा'त एक श्लोक उदाहरणादाखल घेतला आहे. त्यात एक माणूस दुसऱ्याला म्हणतो की तुम्ही माझ्यावर केवढे उपकार केलेत, काय तुमचे सौजन्य, असेच करीत राहा आणि शंभर वर्षे सुखाने जगा! शब्द पाहाल तर नमुनेदार आभारपत्र. पण बोलणारा त्या दुसऱ्याने छळलेला आहे, आणि हे ठाऊक होताच प्रत्येक शब्द उलटा फिरतो. शास्त्रकार म्हणतात, येथे 'मुख्यार्थाचा बाध' झाला. म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ माहीत असलेल्या परिस्थितीत बसेनासा झाला, म्हणून ऐकणारा दुसरा अर्थ शोधू लागला. तो कुजकटपणाने शोधत नाही. भाषा समजणाऱ्या कोणालाही तो शोधावाच लागतो.

ही एक किल्ली हाती घेऊन माझे पत्र उघडून पाहा. "अत्यंत मौल्यवान वेळ." काका निवृत्त आहेत. रोज सकाळी फाटकाजवळच्या बाकावर दोन वर्तमानपत्रे पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, हे बावीसही घरांना माहीत आहे. मग "अत्यंत मौल्यवान" हा शब्द सरळ अर्थाने उभा राहील कसा? तो लगेच लोळण घेतो आणि अर्थ होतो, 'रिकामटेकड्याला एकदा तरी काम मिळाले.' विशेषण कृतीपेक्षा आणि माणसापेक्षा उंच झाले की सरळ अर्थ बाधित होतो. आभारात मोठे शब्द घातले म्हणजे आभार मोठे होतात, ही आपली समजूत चुकीची आहे. मोठा शब्द ढिल्या अंगरख्यासारखा असतो. घालणारा त्यात हास्यास्पद दिसतो.

पुढचा शब्द "अखेर". तो काळाचा शब्द आहे, आणि काळाचे शब्द आभारात फार जपून वापरावे लागतात. 'अखेर', 'एकदाचे', 'या वेळी', 'उशिरा का होईना' हे सगळे शब्द चालू कामाचे नाव घेत मागच्या न झालेल्या कामांकडे बोट दाखवतात. घरचेच पाहा. जावेने फराळाचा डबा पाठवला आणि आपण म्हणालो, "चकल्या छान झाल्या हो," तर गोडी वाढते. "यंदा चकल्या छान झाल्या हो," म्हणालो की गेल्या वर्षीच्या चकल्या त्या 'यंदा'तून बाहेर येऊन ताटात पडतात. एका शब्दाचाच फरक, पण पुढच्या वर्षी डबा येईल की नाही हे तो ठरवतो.

काळाच्या शब्दांचीच सख्खी भावंडे म्हणजे आपली 'च', 'तरी', 'निदान' ही इवलीशी अव्यये. "तुम्ही आलात, बरे वाटले," हे स्वागत. "तुम्ही तरी आलात," यात न आलेल्यांची हजेरी घेतली गेली. "निदान आलात तरी," यात आलेलाच आरोपी झाला. बोलताना आपण आवाजाच्या हेलाने आणि चेहऱ्यावरच्या हसण्याने ही धार बोथट करतो. कागदावर हेल नाही, मोबाईलवरच्या निरोपातही नाही. म्हणून तोंडी जे लाघव असते, तेच लिहिल्यावर टोमणा होते. माझे "चिंताच नाही" असेच फसले. तो 'च' काढला असता तर वाक्य निदान बापुडवाणे झाले असते, विषारी झाले नसते.

आता "आपण" आणि "महोदय". काकांना मी वीस वर्षे 'काका, तुम्ही' म्हणत आलो. ज्याला 'तुम्ही' म्हणतो त्याला अचानक 'आपण' म्हटले की आदर वाढत नाही, अंतर वाढते. नवराबायकोत भांडण झाले की 'अहो-जाहो'ची पातळी कशी एकदम चढते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावयास नको.

शेवटी "अपेक्षा". आभार मानणे म्हणजे मिळालेल्याची पोच देणे. पोचपावतीवरच पुढची मागणी लिहिली की तिची नोटीस होते. हल्ली तर उलटाच प्रकार बोकाळला आहे. आमच्या फलकावर पूर्वी मीच लावलेली एक पाटी होती, "गाडी आपल्याच जागेत लावल्याबद्दल धन्यवाद." कोणी लावली होती? कोणीच नाही! म्हणून तर पाटी लावली. हे आभार म्हणजे मुखवटा घातलेली ताकीद आहे. "गाडी आपल्या जागेत लावावी," असे चारचौघांत सांगण्यात काय कमीपणा आहे? सरळ विनंती कोणाला झोंबत नाही. खोटे धन्यवाद झोंबतात.

या सगळ्यावर मी आता एक कसोटी लावतो, आणि ती तुम्हांलाही देतो. आभाराचे वाक्य लिहून झाले की विचारावे, ज्याने काहीच केले नाही, किंवा वाईट केले, त्यालाही हे वाक्य जसेच्या तसे पाठवता येईल काय? "आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत," हे मोटर जाळणाऱ्यालाही पाठवता येते. म्हणून ते संशयास्पद. "तुम्ही रात्री अडीचपर्यंत मोटरपाशी बसलात," हे मात्र जो बसला त्यालाच पाठवता येते. घडलेली गोष्ट उलटवता येत नाही. तिचा मुख्यार्थ बाधित होत नाही, कारण तो सर्वांच्या नळातून आलेला असतो.

त्या कसोटीने मी पत्र पुन्हा लिहिले:

"काका, मंगळवारी रात्री तुम्ही अडीच वाजेपर्यंत मोटरपाशी बसलात आणि मिस्त्रीला घेऊन आलात. त्यामुळे सकाळी सहाला बावीस घरांत पाणी आले. आम्हां सर्वांकडून तुमचे आभार."

तीन वाक्ये. काय केले, त्याने काय झाले, आणि आभार. एकही विशेषण नाही, उद्याची मागणी नाही. कोणी म्हणेल, हे कोरडे झाले. मी म्हणतो, कोरडे असू दे. त्यात काटा नाही. आणि जे अडीच वाजेपर्यंत बसले त्यांना तो आकडा सोडून दुसरे अलंकार लागत नाहीत.

मात्र ही कसोटी सर्व दुखण्यांवर चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींच्या कानांना जुन्या भांडणामुळे साधा नमस्कारही टोचतो; तेथे वाक्य कितीही धुतले तरी उपयोग नाही, आधी भांडण मिटवावे लागते. अशा माणसाचे आभार पत्राने मानू नयेत, दारी जाऊन मानावेत.

आणि आता ज्या कबुलीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती. "माझ्या मनात काही नव्हते," असे मीही काकूंना दाराशी सांगितले होते. रात्री पत्र पुन्हा वाचताना त्या "अखेर"पाशी अडखळलो. काका मागच्या दोन सभांना आले नव्हते. त्याचा राग माझ्या मनात होता. सभेत तो बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून तो आभाराच्या आडून बाहेर पडला. वाचणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. लिहिणाऱ्याच्या लेखणीत होते, आणि वाचणाऱ्याने ते बरोबर वाचले होते. म्हणून नुसता शब्द खोडून भागत नाही. तक्रार असेल तर ती आभारातून उचलून वेगळी ठेवावी आणि वेगळ्या दिवशी, तोंडावर बोलावी. एकाच ताटलीत पेढा आणि कारले वाढले की दोन्हींची चव जाते.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. "तुमचा गैरसमज झाला" हे वाक्य ओठांवर आले होते, ते गिळले, कारण त्यातही दोष त्यांच्याच पदरी जातो. म्हणालो, "काका, मी वाईट लिहिले." आणि नवे पत्र हातात दिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"अडीच नाही," ते म्हणाले, "पावणेतीन झाले होते."

मी तेथेच आकडा दुरुस्त केला. मग, सभांना का आला नाहीत, हे त्यांना सरळ विचारले. सभेच्या वेळी काकूंना दवाखान्यात न्यावे लागत होते. सभेची वेळ आम्ही बदलली. आता ते पहिल्या रांगेत बसतात आणि माझ्या इतिवृत्तातल्या चुका काढतात. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आणि हे वाक्य, वाचकहो, कृपा करून सरळच वाचावे.